आगीत बसलेला कुत्रा, डेडलाइन आणि कार्डाचं बिल

प्रश्न: 'दिस इज फाइन' म्हणणाऱ्या कुत्र्याचं मीम ऑफिसच्या डेडलाइनवर आणि महिनाअखेरच्या पैशांवर मराठीत करतोय. चित्र तेच, मजकूर आमचा, तरी कुणी हसत नाही. मोबाइलवर अक्षरंही नीट वाचता येत नाहीत. चुकतंय कुठे? आणि हेच मीम कंपनीच्या पेजवर टाकलं तर चालेल का?

उत्तर: बहुतेक वेळा चूक आगीवरच्या मजकुरात असते. 'टेन्शन', 'कामाचा डोंगर', 'पैशांची चणचण' असं काहीतरी आगीवर लिहिलेलं असतं. ही सगळी मनाची अवस्था झाली. या चित्रातली आग मात्र कुत्र्याच्या मनात लागलेली नाही, ती खोलीत लागली आहे आणि बघणाऱ्या प्रत्येकाला ती दिसते. म्हणून आगीवर अशीच गोष्ट लिहावी लागते जी कुणीही तपासून बघू शकेल. एखादी तारीख, एखादा आकडा, न आलेली फाइल, आधीच होऊन गेलेली घटना. मनाची अवस्था दाखवायचं काम चित्रात कुत्र्याचा चेहरा करतोच आहे. तेच पुन्हा शब्दांत लिहिलं की एकच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखी होते आणि विनोद फसतो.

हे नीट कळायला मूळ चित्र माहीत असलेलं बरं. अमेरिकन व्यंगचित्रकार के. सी. ग्रीन यांनी 'गनशो' या आपल्या वेबकॉमिकमध्ये ९ जानेवारी २०१३ रोजी 'ऑन फायर' नावाची सहा चौकटींची चित्रपट्टी प्रसिद्ध केली. पहिल्या चौकटीत डोक्यावर लहानशी टोपी घातलेला कुत्रा टेबलाशी खुर्चीवर बसलाय. टेबलावर मग आहे, भोवती ज्वाळा आहेत आणि वर छताशी धूर साचलाय. दुसऱ्या चौकटीत फक्त त्याचा चेहरा आणि ते प्रसिद्ध वाक्य. पुढे तो कॉफी पितो, हाताला आग लागते तरी स्वतःची समजूत घालत राहतो आणि शेवटी त्याचा चेहरा वितळून जातो. जगभर फिरल्या त्या यातल्या पहिल्या दोनच चौकटी.

या कापणीमुळेच हे चित्र इतकं उपयोगी झालं. सहाही चौकटी ठेवल्या तर गोष्ट संपते, कुत्र्याचं काय झालं ते कळतं. दोनच ठेवल्या की आग वाढत राहते, कुत्रा बसून राहतो आणि निकाल लागत नाही. डेडलाइन आणि उधारी यांचं तंत्र अगदी असंच असतं. दोन्हीमध्ये नुकसान ठरल्यासारखं असतं, पण ते अजून अंगावर आलेलं नसतं. त्यामुळे हे मीम त्या मधल्या काळासाठीच वापरावं. डेडलाइन हुकून गेल्यावर, हप्ता बाउन्स झाल्यावर पहिल्या दोन चौकटी टाकल्या तर त्या शिळ्या वाटतात. तेव्हा लागते ती शेवटची, वितळलेल्या चेहऱ्याची चौकट.

आणखी एक गोष्ट चित्रातच आहे, पण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. कुत्र्याला कुणी बांधलेलं नाही. तो खुर्चीवर आपणहून बसलाय आणि उठायचं ठरवलं तर उठू शकतो. त्याला आग दिसते आणि तरी तो उठत नाही, सगळा विनोद यातच आहे. मजकूर ठरवण्याआधी म्हणून एकच तपासणी करावी: ज्याच्यावर मीम करतोय त्याला उठता आलं असतं का? कामं पुढे ढकलत बसलेला माणूस इथे चपखल बसतो. तीन महिने पगार न मिळालेला कामगार किंवा पीक गेल्यामुळे कर्जात अडकलेला शेतकरी बसत नाही. त्यांच्या बाबतीत दार बाहेरून लावलेलं आहे. त्यांना या खुर्चीवर बसवलं तर चित्राचा अर्थच उलटतो आणि ती नुसती थट्टा होते.

आता डेडलाइनचं एक उदाहरण पूर्ण करून बघू. विषय घेऊ दिवाळी अंकाचा, कारण त्याची मुदत कुणाच्या विनंतीवरून पुढे सरकत नाही. समजा, पहिल्या खर्ड्यात ज्वाळांवर 'डेडलाइन', कुत्र्यावर 'संपादक', मगवर 'चहा' आणि फुग्यात 'सगळं ठीक आहे' असं लिहिलंय. यात चुकीचं काहीच नाही, पण 'दिवाळी अंक' खोडून तिथे 'लग्नाचा हॉल' लिहिलं तरी मीम तसंच्या तसं चालेल. जे कुठेही चालतं त्यावर कुणी थांबून हसत नाही.

सुधारणा आगीपासून सुरू करा. अंकाचं काम फर्म्यांमध्ये, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गठ्ठ्यांमध्ये मोजतात आणि सोळा पानांचा फर्मा धरला तर १९२ पानांच्या अंकाचे १२ फर्मे होतात. डावीकडच्या ज्वाळांवर लिहा, 'दिवाळीला ११ दिवस'. उजवीकडच्या ज्वाळांवर, '१२ पैकी ७ फर्मे अजून प्रुफात'. ज्याने अंक काढलाय त्याच्या पोटात इथेच गोळा येतो आणि ज्याने काढलेला नाही त्यालाही ११ आणि ७ हे आकडे कळतातच. कुत्र्यावरचं 'संपादक' काढून टाका. कुत्रा कोण ते आगीवरून समजतं. शिवाय त्याच्यावर चिकटवलेली पट्टी नेमकी चेहरा किंवा टोपी झाकते.

मगकडे विशेष लक्ष द्या. चित्रातली सगळ्यात कमी वापरली जाणारी आणि सगळ्यात कामाची वस्तू ती आहे. आग लागलेली असताना कुत्रा ज्यात रमलाय ती गोष्ट मगवर लिहायची असते. संपादकाच्या बाबतीत 'मुखपृष्ठाचा चौथा पर्याय'. ऑफिसात प्रेझेंटेशनची मुदत उलटत असेल तर 'स्लाइडचा फॉन्ट बदलणं'. काम टाळणारा माणूस रिकामा क्वचितच बसतो, तो बिनमहत्त्वाचं काम मन लावून करत असतो. मगवर ते काम अचूक पडलं की वाचणारा स्वतःला ओळखतो. जागा लहान असल्याने मगवर दोन-तीन शब्दांच्या पुढे जाऊ नका. त्याहून मोठा मजकूर टेबलाच्या कडेवर घ्या.

राहिला फुगा. तिथे तो माणूस त्या क्षणी समोरच्याला खरोखर जे सांगतो तेच वाक्य हवं. संपादक जाहिरातदाराला सांगतो, 'अंक वेळेवर येतोय.' ऑफिसातला माणूस साहेबांना सांगतो, 'संध्याकाळपर्यंत पाठवतो.' वाक्य लहान, शेवटी पूर्णविराम आणि उद्गारचिन्ह अजिबात नको. उद्गारचिन्ह आलं की आवाज चढतो आणि कुत्रा घाबरलेला वाटायला लागतो. हसणारी इमोजी टाकली तर तो विनोद करतोय असं वाटतं. दोन्हींनी चेहऱ्यावरचा शांतपणा जातो. फुग्यात मूळ इंग्रजी वाक्य तसंच ठेवलं तरी चालतं, कारण लोक ते ओळखतात. पण मग मराठी मजकूर फक्त पहिल्या चौकटीत ठेवा. दुसऱ्या चौकटीतल्या आगीवरही पट्ट्या लावणं ही फार सर्रास होणारी चूक आहे. पहिल्या चौकटीत वाचायचं आणि दुसरीत फक्त ऐकायचं, अशी या चित्राची लय आहे. दुसऱ्या चौकटीत वाचायला काही दिलं की मधली ती क्षणभराची शांतता निघून जाते.

पैशांच्या बाबतीत आग वेगळ्या तऱ्हेने वाढते, म्हणून मजकूरही वेगळा लागतो. 'महिनाअखेर, खात्यात ४३ रुपये' असं मीम होतं खरं, पण ती आग पगाराच्या दिवशी आपोआप विझते. कुत्र्याला नुसतं बसून राहायचं आहे आणि त्याचं बसणं बरोबरच ठरतं. चित्राला शोभेल अशी आग ती, जी बसून राहिल्यामुळे वाढते. घरोघरी सापडणारी अशी आग म्हणजे क्रेडिट कार्डाचं 'मिनिमम ड्यू'.

त्याचा हिशेब एकदा कागदावर करून बघा, कारण मीमचा मजकूर त्यातूनच मिळतो. समजा, बिल ६०,००० रुपयांचं आहे, किमान रक्कम पाच टक्के म्हणजे ३,००० आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के. तुम्ही ३,००० भरले, उरले ५७,०००. त्यावर महिन्याचं व्याज १,९९५ आणि व्याजावर १८ टक्के जीएसटी सुमारे ३५९. म्हणजे नवीन एकही खरेदी न करता पुढच्या बिलात ५९,३५४ दिसतील. तीन हजार गेले आणि कर्ज कमी झालं ६४६ रुपयांनी. खरा आकडा याहूनही थोडा वाईट निघतो. पूर्ण बिल भरलं नाही की बिनव्याजी मुदत जाते, खरेदीच्या तारखेपासून व्याज लागतं आणि पुढची नवी खरेदीही पहिल्या दिवसापासून व्याजात धरली जाते. दर प्रत्येक कार्डाचा वेगळा असतो, तेव्हा मीममध्ये टाकण्याआधी स्वतःच्या बिलावरचा दर बघून घ्या.

आता हे चित्रात बसवू. पहिला मोह होईल तो सगळा हिशेब आगीवर लिहिण्याचा. तसं करू नका, वाचणारा बेरीज करायला थांबत नाही. दोनच आकडे लागतात. डावीकडे 'मागचं बिल: ६०,०००', उजवीकडे '३,००० भरल्यावर: ५९,३५४'. एका नजरेत कळतं की आग जिथल्या तिथे आहे. मगवर 'नो कॉस्ट ईएमआयवर फोन' किंवा जे काही त्या महिन्यात खरोखर घेतलं असेल ते. फुग्यात मात्र इथे सगळ्यात छान बसतं ते बँकेच्या संदेशाच्या सुरातलं वाक्य, 'आपलं पेमेंट यशस्वी झालं आहे.' किमान रक्कम भरली की उशिराचा दंड लागत नाही, वसुलीचा फोन येत नाही आणि पडद्यावर हिरवी टिक उमटते. ती टिक बघूनच माणूस शांत होतो. खरं तर नुसती किमान रक्कम भरत राहिल्यास फेड महिनोन् महिने, वर्षानुवर्षं लांबते आणि व्याज चढत जातं, असा इशारा बिलावर छापणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलंय. तो इशारा आगीवर आणि हिरवी टिक फुग्यात, अशीही एक चांगली आवृत्ती होते.

एक पथ्य पाळा. पैशांवरच्या मीममध्ये मित्राचा किंवा नातेवाइकाचा खरा आकडा कधी घालू नका, नाव नसलं तरीही. घरच्या ग्रुपवर तो कुणाचा हे लगेच ओळखू येतं. स्वतःचा आकडा घ्या, नाहीतर वरच्यासारखा गोल आकडा धरून हिशेब करा.

अक्षरं वाचता येत नाहीत यामागे सहसा तीन कारणं एकत्र असतात. पहिलं, चित्राचा आकार. दोन चौकटींचं मूळ चित्र आडवं आहे, उंचीच्या साधारण दुप्पट रुंद. मोबाइल उभा धरला की प्रत्येक चौकटीला पडद्याची फक्त अर्धी रुंदी मिळते आणि त्यात पट्ट्या अगदी बारीक होतात. १०८० × १०८० पिक्सेलचा चौरस घ्या, चित्र पूर्ण रुंदीने खाली ठेवा, म्हणजे ते सुमारे ५३० पिक्सेल उंच होईल, आणि वर मोकळी पांढरी जागा राहील. लांब मजकूर, म्हणजे प्रसंगाची एक ओळ, त्या पांढऱ्या जागेत घ्या. चित्रावर फक्त आकडे आणि मगवरचे शब्द राहू द्या. चित्रावरच्या अक्षरांची उंची ४० पिक्सेलच्या खाली नेऊ नका.

दुसरं कारण म्हणजे फॉन्ट आणि काळी कड. मीमसाठी जगभर वापरला जाणारा इम्पॅक्ट फॉन्ट देवनागरीत नाही. त्यात मराठी टाइप केलं की सॉफ्टवेअर गुपचूप दुसराच फॉन्ट लावतं आणि त्यावर जाड काळी कड तशीच राहते. इंग्रजी अक्षरांना ती कड सोसते. देवनागरीत ष, ब, क्ष यांची पोटं बुजतात, अनुस्वार शिरोरेषेला चिकटतात आणि उकार खालच्या ओळीत घुसतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त किंवा बलू हे फॉन्ट घ्या, दोन्ही मोफत आहेत आणि जाड वजनातही अक्षरं मोकळी राहतात. कड द्यायचीच तर अक्षराच्या बाहेरून द्या आणि अक्षरांच्या उंचीच्या विसाव्या भागापेक्षा जाड नको. त्याहून सोपं म्हणजे कड काढून टाका आणि अक्षरांमागे पांढरी पट्टी ठेवा. दोन ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट धरा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत अडकतात.

फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत 'किती'ची पहिली वेलांटी क च्या नंतर पडत असेल किंवा जोडाक्षरं फुटत असतील, तर दोष फॉन्टचा नाही. `Preferences > Type` मध्ये जाऊन `World-Ready Layout` निवडा, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा आणि मजकूर नव्या थरावर पुन्हा टाइप करा. जुन्या थरावर बदल बऱ्याचदा लागू होत नाही आणि लोक समजतात की उपायच चुकला.

तिसरं कारण रंग. ज्वाळा पिवळ्या-नारिंगी, म्हणून अनेकजण अक्षरं लाल करतात. जेपीईजीत साठवताना रंगाचा तपशील उजेडाच्या तपशिलापेक्षा जास्त प्रमाणात टाकून दिला जातो. नारिंगीवरची लाल अक्षरं केवळ रंगाच्या फरकावर उभी असतात, म्हणून तीच आधी विरघळतात. व्हॉट्सॲपवर दोन-तीनदा पुढे गेल्यावर त्यांच्या कडा मळकट होतात. पांढऱ्या पट्टीवर काळी अक्षरं हा उपाय दिसायला साधा आहे, पण पाचव्या फॉरवर्डनंतरही वाचता येतो. मूळ फाइल पीएनजीत ठेवा आणि दरवेळी तिच्यातूनच नवी प्रत काढा, आलेल्या फॉरवर्डवर पुन्हा मजकूर चढवू नका.

आता कंपनीच्या पेजचं. मित्रांच्या ग्रुपवर टाकणं आणि कंपनीने आपल्या नावाने टाकणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. चित्र ग्रीन यांचं आहे. ते लोकांच्या ओठी बसलं म्हणून त्यावरचा त्यांचा हक्क संपत नाही. भारताच्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, कलम ५२ नुसार खासगी वापर, टीका किंवा समीक्षा आणि चालू घडामोडींचं वार्तांकन यांसाठी वाजवी वापराची सूट आहे. विडंबन असा वेगळा शब्द त्या कलमात नाही आणि जाहिरात तर त्यात कुठेच बसत नाही. परदेशी चित्रकारांच्या कृतींनाही आपल्याकडे हे संरक्षण मिळतं. कोपऱ्यात चित्रकाराचं नाव लिहिणं चांगलंच, पण ते परवानगीच्या जागी चालत नाही.

ग्रीन यांची स्वतःची भूमिकाही लोकांसमोर आहे. जुलै २०१६ मध्ये अमेरिकेच्या रिपब्लिकन पक्षाने आपल्या ट्विटर खात्यावर हे चित्र वापरलं. तेव्हा त्यांनी म्हटलं की समाजमाध्यमांवर हे वापरायला सगळे मोकळे आहेत, पण या पक्षाने आपली पोस्ट काढून टाकली तर मला आवडेल. पुढच्याच महिन्यात 'द निब' या व्यंगचित्रांच्या संकेतस्थळावर त्यांनी याचा पुढचा भाग काढला. त्यात कुत्र्याचा शांतपणा सुटतो आणि तो अग्निशामक यंत्र घेऊन आग विझवू लागतो. सामान्य माणसांच्या वापराला त्यांची आडकाठी दिसत नाही. संस्थेने आपल्या कामासाठी वापरावं याला मात्र तीच मोकळीक आहे असं धरून चालू नये.

कंपनीला हा विनोद हवाच असेल तर रीतसर परवानगी मागा, नाहीतर स्वतःचं चित्र काढून घ्या. आगीत शांत बसण्याची कल्पना कुणाच्या मालकीची नसते, रेखाटन मात्र असतं. म्हणून टोपी, मग, तोच कुत्रा आणि तीच बैठक उचलून नुसता रंग बदलणं धोक्याचं. गळणाऱ्या छताखाली गुडघाभर पाण्यात बसून फाइल तपासणारा कारकून काढलात तर तो तुमचा झाला आणि मुंबईच्या जुलैमध्ये तो अधिक शोभेलही.

हक्कांचा प्रश्न सुटला तरी मजकूर पुन्हा एकदा बघा. कर्मचारी स्वतःच्या डेडलाइनवर हे मीम करतो तेव्हा तो कुत्रा असतो. तेच कंपनीने कर्मचाऱ्यांवर केलं की ती मुदत कुणी ठरवली हा प्रश्न लगेच उभा राहतो आणि खाली येणाऱ्या प्रतिक्रिया त्यावरच असतात. कर्ज किंवा कार्ड विकणाऱ्या कंपनीने पैशांच्या तंगीवर हे टाकणं तर पूर्ण टाळावं. कंपनीच्या पेजवर चालतं ते असं, ज्यात खुर्चीवर कंपनीच बसलेली आहे: 'नवी वेबसाइट सोमवारी सुरू', 'पेमेंटचं बटण अजून चालत नाही', आणि मगवर 'लोगोची नवी निळी छटा'. अर्थात, ते बटण खरंच चालत नसेल तरच, आणि सोमवारच्या आधी.